खडा कापायचा की विरघळवायचा?

कुत्र्याच्या मूत्राशयात खडा दिसला की पुढचं बोलणं बहुतेक वेळा एकाच गोष्टीवर येतं: ऑपरेशन कधी करायचं? एक्स-रेवर पांढरा गोळा स्पष्ट दिसत असतो, लघवीतून रक्त जात असतं, घरातली माणसं घाबरलेली असतात, आणि तारीख ठरवूनच ती दवाखान्यातून बाहेर पडतात. या घाईत त्याआधी विचारायचा प्रश्न राहून जातो. हा खडा कशाचा आहे?

हा प्रश्न प्रयोगशाळेच्या कुतूहलाचा नाही. कुत्र्यांच्या मूत्राशयातले बहुसंख्य खडे दोन प्रकारचे असतात. एक स्ट्रुवाइट, म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांचा खडा. दुसरा कॅल्शियम ऑक्झलेटचा. पहिला औषध आणि विशिष्ट आहार यांनी पोटातल्या पोटात विरघळतो. दुसरा कोणत्याही आहाराने, औषधाने किंवा काढ्याने विरघळत नाही. त्यामुळे ओळख न पटवता उपचार सुरू केला तर दोन्ही दिशांनी चुकता येतं. जो खडा विरघळला असता त्यासाठी पोट फाडलं जातं, आणि जो कधीच विरघळणार नव्हता त्याच्यामागे महिनोन्‌महिने महागडं खाद्य घातलं जातं. माझं म्हणणं असं की खडा बाहेर काढून तपासण्याआधीच त्याची ओळख बऱ्याच खात्रीने पटवता येते, आणि ती पटवल्याशिवाय सुरी उचलू नये.

स्ट्रुवाइट कसा तयार होतो ते आधी पाहू, कारण त्याचा सगळा उपचार त्यातूनच निघतो. कुत्र्यांमध्ये हा खडा जवळजवळ नेहमीच जंतुसंसर्गातून होतो. स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस हा कुत्र्याच्या कातडीवर एरवीही राहणारा जंतू, आणि त्याच्या खालोखाल प्रोटियस, हे मूत्राशयात शिरले की तिथल्या युरियावर जगू लागतात. त्यांच्याकडे युरिएज नावाचं विकर असतं. ते युरियाच्या एका रेणूपासून अमोनियाचे दोन रेणू तयार करतं. अमोनियामुळे लघवी अल्कधर्मी होते, म्हणजे तिचा पीएच सातच्या वर, पुष्कळदा आठपर्यंत जातो. अशा लघवीत फॉस्फेटचं रूप बदलतं, अमोनियम तर तयार असतंच, मॅग्नेशियम लघवीत नेहमीच असतं, आणि तिघं मिळून घट्ट बसतात. अन्नातलं मॅग्नेशियम जास्त झालं म्हणून हा खडा झाला असं सहसा नसतं. जंतू आला म्हणून तो झालेला असतो. मादीचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद असतो, त्यामुळे जंतूंना वर चढणं सोपं जातं. म्हणूनच स्ट्रुवाइटचे बहुसंख्य रुग्ण मादी असतात.

मांजरांचं गणित वेगळं आहे आणि ते कुत्र्यांना लावल्यामुळे गोंधळ होतो. मांजरात स्ट्रुवाइट बहुधा जंतूंशिवाय, आहार आणि दाट लघवी यांमुळे होतो, आणि तिथे नुसत्या आहाराने काम भागतं. कुत्र्यात जंतू जिवंत ठेवून फक्त खाद्य बदललं तर खडा विरघळण्याची आशा फारशी नसते.

ऑक्झलेटची कहाणी निराळी. त्याला जंतू लागत नाही. लघवीत कॅल्शियम आणि ऑक्झलेट जास्त उतरतं, लघवी दाट असते, बहुधा आम्ल किंवा उदासीन असते, आणि हळूहळू कण जमतात. रुग्ण बहुतेक वेळा मध्यमवयीन किंवा म्हातारा नर असतो, आणि जात लहान चणीची: मिनिएचर श्नाउझर, ल्हासा ॲप्सो, शिह त्झू, यॉर्कशायर टेरियर, बिशॉन फ्रिझे, पॉमेरेनियन. यातल्या ल्हासा, शिह त्झू आणि पॉमेरेनियन आपल्या शहरांतल्या सोसायट्यांमध्ये घरोघरी आहेत, त्यामुळे हा विषय आपल्याकडे दूरचा नाही. काही कुत्र्यांत यामागे दुसरा आजार असतो. पॅराथायरॉइड ग्रंथी जादा काम करत असली तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि ते लघवीत उतरतं. शरीरात स्टेरॉइड जास्त झाली, मग ती कुशिंग रोगामुळे असोत की खाज थांबावी म्हणून दिलेल्या गोळ्यांमुळे, तरी लघवीतलं कॅल्शियम वाढतं.

आता लघवीच्या तपासणीकडे येऊ. इथेच सगळ्यात जास्त दिशाभूल होते. रिपोर्टवर ‘स्ट्रुवाइट क्रिस्टल्स: भरपूर’ असं लिहिलेलं असतं आणि ते वाचून खडा स्ट्रुवाइटचा ठरतो. काही ठिकाणी तर खडा नसतानाही, फक्त स्फटिक दिसले म्हणून, कुत्र्याला कायमचं खास खाद्य लावलं जातं. दोन्ही चूक आहे. निरोगी कुत्र्याच्या अल्कधर्मी, दाट लघवीत स्ट्रुवाइटचे स्फटिक दिसणं नेहमीचं आहे. शवपेटीच्या झाकणासारखा आकार असलेले हे स्फटिक संसर्ग नसताना आणि खडा नसताना दिसले तर त्यावर काहीही करायची गरज नसते.

शिवाय स्फटिक मूत्राशयातच होते की बाटलीत तयार झाले, हेही आधी विचारावं लागतं. लघवी थंड झाली की विरघळलेले क्षार बाहेर पडतात. सकाळी घरी धरलेली लघवी फ्रिजमध्ये ठेवून संध्याकाळी लॅबला पोचवली, तर शरीरात नसलेले स्फटिक रिपोर्टवर येऊ शकतात, ऑक्झलेटचेसुद्धा. म्हणून तपासणी ताज्या लघवीवर, शक्यतो तासाभराच्या आत, थंड न करता व्हायला हवी. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मूत्राशयात मोठा खडा असताना लघवीत एकही स्फटिक नसणं शक्य आहे. आणि खडा एका प्रकारचा, स्फटिक दुसऱ्या प्रकारचे, असंही होतं. ऑक्झलेटचा खडा असलेल्या कुत्र्याला नंतर जंतुसंसर्ग झाला की लघवी अल्कधर्मी होते आणि तिच्यात स्ट्रुवाइटचे स्फटिक तरंगू लागतात. आतला खडा मात्र ऑक्झलेटचाच असतो.

म्हणजे स्फटिक ही एक साक्ष आहे, निकाल नव्हे. निकालासाठी निदान पाच गोष्टी शेजारी शेजारी ठेवाव्या लागतात: कुत्रा नर की मादी, जात आणि वय, लघवीचा पीएच, जंतूंचं कल्चर, आणि एक्स-रेवर खड्याचं रूप. यात कल्चर सगळ्यात मोलाचं, आणि आपल्याकडे तेच सगळ्यात जास्त वगळलं जातं. कल्चरसाठी लघवी जमिनीवरून किंवा वाटीत धरून चालत नाही. पोटातून बारीक सुईने थेट मूत्राशयातली घ्यावी लागते. ऐकायला भीती वाटते, पण सोनोग्राफीवर बघत केलं तर बहुतेक कुत्री ते शांतपणे करून घेतात. आणि हे अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी झालं पाहिजे. मेडिकलमधून आणलेल्या माणसांच्या दोन गोळ्या आधीच पोटात गेल्या असतील तर कल्चर खोटं निगेटिव्ह येऊ शकतं, आणि मग खड्याची ओळख पटवण्याचा सर्वांत चांगला पुरावा गेलेला असतो.

एक नमुना घेऊन ही सगळी वाट चालून पाहू. समजा, नसबंदी झालेली सहा वर्षांची लॅब्रॅडॉर मादी आहे, वजन अठ्ठावीस किलो. आठवडाभर ती दर तासाला बाहेर जायला मागते, बसते, चार थेंब पडतात, शेवटचे थेंब लाल असतात. घरात कधी न करणारी ती आता रात्री गादीजवळ लघवी करते. पोट चाचपल्यावर खाली काहीतरी टणक लागतं. लघवीचा पीएच आठ. घनता रिफ्रॅक्टोमीटरवर मोजली तर १.०३५, म्हणजे लघवी दाट. सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या पेशी, लाल पेशी, गोल जंतूंचे पुंजके आणि स्ट्रुवाइटचे स्फटिक. कल्चरमध्ये स्टॅफिलोकॉकस, अमॉक्सिसिलिनला दाद देणारा. एक्स-रेवर अडीच सेंटिमीटरचा, गुळगुळीत कडांचा, गोलसर खडा आणि त्याच्या बाजूला दोन छोटे.

या मादीच्या बाबतीत पाचही साक्षी एकाच बाजूला आहेत. हा खडा स्ट्रुवाइटचा असण्याची शक्यता इतकी जास्त आहे की इथे थेट ऑपरेशन करणं मला समर्थनीय वाटत नाही. अमेरिकेतल्या पशुवैद्यक तज्ज्ञांच्या एसीव्हीआयएम या संघटनेने २०१६ मध्ये मुतखड्यांवर एकमताने ज्या शिफारशी प्रसिद्ध केल्या, त्यांतही स्ट्रुवाइट विरघळवणं हाच पहिला उपचार आणि शस्त्रक्रिया नंतर, असा क्रम आहे.

मग उपचार काय? कल्चरप्रमाणे निवडलेलं अँटिबायोटिक, आणि खडा विरघळवण्यासाठी बनवलेलं पशुवैद्यकीय खाद्य. या खाद्यात फॉस्फरस आणि मॅग्नेशियम कमी ठेवलेलं असतं, ते लघवी आम्ल करतं, आणि काही खाद्यांत प्रथिनंही कमी असतात म्हणजे युरिया कमी बनतो आणि जंतूंना कच्चा माल मिळत नाही. मीठ थोडं जास्त असल्याने कुत्रं पाणी जास्त पितं आणि लघवी पातळ होते. अँटिबायोटिक जंतू मारतं म्हणून अमोनिया थांबतो, आणि खाद्य बाकीचे घटक कमी करतं. आता लघवी खड्याच्या क्षारांनी भरलेली राहत नाही, आणि खड्याचा वरचा थर परत तिच्यात उतरू लागतो. ओल्या, डब्यातल्या खाद्याने हे आणखी चांगलं साधतं, कारण त्यात पाण्याचा भाग तीन-चतुर्थांशाच्या आसपास असतो. सुकं खाद्य असेल तर कोमट पाण्यात भिजवून द्यावं.

ही योजना फसते ती बहुधा स्वयंपाकघरात. ‘फक्त हेच खाद्य’ याचा अर्थ फक्त हेच असा असतो. दुधातली पोळी नाही, चिकनचा तुकडा नाही, चहाबरोबरचं बिस्किट नाही, आजोबांच्या ताटातला घास नाही. रोजचा अर्धा पेढासुद्धा नाही. प्रेमाने दिलेल्या प्रत्येक घासात प्रथिनं आणि फॉस्फरस असतात, आणि खाद्याने घडवून आणलेला बदल ते पुसून टाकतात. घरातल्या सगळ्यांना, धुणंभांडी करायला येणाऱ्या मावशींनासुद्धा, हे सांगितलेलं असावं. ज्या घरात हे पाळलं जाणारच नाही असं दिसतं, तिथे ते आधीच मान्य करून ऑपरेशनकडे वळणं अधिक प्रामाणिक आहे.

रक्त आणि वारंवार जाणं हा त्रास बहुधा पहिल्या आठवड्याभरातच कमी होतो, कारण जळजळ मुख्यतः संसर्गाची असते. इथे एक धोका आहे. कुत्री बरी दिसते म्हणून गोळ्या बंद होतात आणि पोळी सुरू होते. खडा मात्र तिथेच असतो, आणि खड्याच्या थरांत अडकलेले जंतूही जिवंत असतात. थर विरघळत जातो तसे ते बाहेर येतात. म्हणून परंपरेने खडा पूर्ण जाईपर्यंत अँटिबायोटिक चालू ठेवतात. अलीकडे काही पशुवैद्य कमी दिवसांचा कोर्स देऊनही यश मिळाल्याचं सांगतात, आणि जंतूंचा प्रतिकार वाढू नये म्हणून तो विचार योग्य आहे. पण किती दिवस हे ज्याच्या हाती कुत्री आहे त्या डॉक्टरांनी ठरवावं, घरच्यांनी नव्हे.

चार आठवड्यांनी परत एक्स-रे आणि लघवी. आता पीएच साडेसहाच्या खाली यायला हवा, घनता १.०२० च्या आसपास किंवा खाली, जंतू नाहीत, आणि खडा स्पष्टपणे लहान झालेला. आपल्या नमुन्यातल्या मादीचा मोठा खडा दीड सेंटिमीटरवर आला आणि छोट्यांपैकी एक दिसेनासा झाला, तर वाट बरोबर आहे. खडा दिसेनासा व्हायला साधारण दोन ते तीन महिने लागतात, काहींना कमी. एक्स-रेवर तीन मिलिमीटरपेक्षा लहान खडे चुकू शकतात, म्हणून खडा दिसेनासा झाल्यावरही महिनाभर तेच खाद्य चालू ठेवण्याची पद्धत आहे.

आणि बिघडलं तर ते ओळखायचं कसं? इथे लघवीच मार्ग दाखवते. चार आठवड्यांनी पीएच अजून साडेसात-आठ असेल तर एकतर जंतू मेलेले नाहीत किंवा कुत्रीला बाहेरचं खायला मिळतंय. ते दुरुस्त करून पुन्हा महिनाभर पाहता येतं. पण पीएच आणि घनता दोन्ही हव्या तशा आहेत, जंतू नाहीत, आणि खडा जसाच्या तसा आहे, तर तो स्ट्रुवाइट नव्हता किंवा पूर्ण स्ट्रुवाइट नव्हता. काही खड्यांचं वरचं आवरण स्ट्रुवाइटचं आणि गाभा ऑक्झलेटचा असतो. ते थोडे लहान होतात आणि मग थांबतात. या टप्प्यावर आणखी दोन महिने वाट पाहण्यात अर्थ नाही. आता सुरी योग्य आहे, आणि आता ती माहितीच्या आधारावर उचलली जाते.

काही कुत्र्यांना हा आहार सुरूच करू नये. वाढत्या वयाची पिल्लं, गाभण किंवा दूध पाजणाऱ्या माद्या, हृदय निकामी होत असलेली कुत्री, आधी स्वादुपिंडाचा दाह झालेली कुत्री, कारण यातल्या काही खाद्यांत चरबी आणि मीठ जास्त असतं. खड्याने मूत्राशय पूर्ण भरलेलं असेल तर खड्याभोवती लघवी फिरायला जागाच नसते, तिथेही विरघळवणं चालत नाही. आणि लघवी तुंबलेली असेल तर तो वेगळाच प्रसंग आहे. नराचा मूत्रमार्ग शिश्नातल्या हाडाच्या खोबणीतून जातो, तिथे तो अरुंद असतो आणि ताणू शकत नाही. लहान खडा तिथे अडकला की लघवी बंद होते, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि एका-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. नर कुत्रा पाय उचलून उचलून जोर करतोय आणि काही येत नाही, हे दिसलं तर सकाळची वाट पाहू नये.

आता ऑपरेशनच्या बाजूने जे सांगितलं जातं ते नीट ऐकू. मुख्य मुद्दा असा की एकदा कापलं की संपलं. विरघळवण्याला महिने, पुन्हा पुन्हा एक्स-रे आणि महागडं खाद्य लागतं, मोठ्या कुत्र्याचा खर्च तर ऑपरेशनच्या बरोबरीला जाऊ शकतो. खर्चाचा मुद्दा खरा आहे आणि तो डॉक्टरांनी आधीच मोकळेपणी सांगावा. पण ‘एकदा कापलं की संपलं’ हे खरं नाही. मूत्राशय उघडून खडे काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर काही खडे आत राहून जाणं दुर्मिळ नाही. प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत साधारण दर पाच ते सात कुत्र्यांमागे एकात ते राहिलेले आढळले आहेत. कारण लहान खडे मूत्राशयाच्या मानेत किंवा मूत्रमार्गात सरकतात आणि सर्जनच्या बोटांना लागत नाहीत. म्हणून कॅथेटर घालून मूत्रमार्ग दोन्ही दिशांनी सलाइनने पुन्हा पुन्हा धुवावा लागतो, आणि टाके घातल्यावर, कुत्रं शुद्धीवर येण्याआधी, एक्स-रे काढून आधीच्या खड्यांशी तुलना करावी लागते. हा शेवटचा एक्स-रे पुष्कळ ठिकाणी काढलाच जात नाही. मग सहा महिन्यांनी ‘खडा परत आला’ असं म्हटलं जातं, तो खरं तर राहून गेलेला असतो. टाक्याचा दोरा मूत्राशयाच्या पोकळीत राहिला तर त्याच्याभोवतीही नवा खडा जमतो, म्हणून विरघळणारा, एकेरी धाग्याचा दोरा वापरायचा आणि शक्यतो आतलं अस्तर न भेदता टाके घ्यायचे.

याहून मोठी गोष्ट अशी की स्ट्रुवाइट कापून काढला तरी संसर्ग तिथेच असतो. जंतूंचा बंदोबस्त न करता खडा काढला तर काही आठवड्यांतच दुसरा तयार होऊ शकतो. म्हणजे सुरी वापरली तरी औषध टळत नाही.

ऑक्झलेटच्या बाबतीत माझं मत नेमकं उलट आहे. नऊ वर्षांचा शिह त्झू नर, लघवी आम्ल, घनता १.०४५, कल्चर स्वच्छ, एक्स-रेवर दोन-तीन मिलिमीटरचे अनेक काटेरी, झळकणारे खडे. त्याला विरघळवण्याचं खाद्य लावून आठ आठवडे वाट पाहणं म्हणजे तेवढे आठवडे त्याच्या मूत्रमार्गात खडा अडकण्याचा धोका वाढवणं. लघवी आम्ल करणारं खाद्य ऑक्झलेटसाठी तर प्रतिकूलच आहे. मूत्रमार्गात अडकलेला खडा भूल देऊन, कॅथेटरमधून सलाइनचा जोर देऊन परत मूत्राशयात ढकलता येतो आणि मग मूत्राशय उघडून सगळे काढता येतात. मादीत किंवा मोठ्या नरात खडे पुरेसे लहान असतील तर न कापताही काढता येतात. कुत्र्याला भूल देऊन मूत्राशय सलाइनने भरतात, अंग उभं धरतात, खडे मूत्राशयाच्या तोंडाशी येऊ देतात आणि पोट दाबून लघवीच्या धारेबरोबर बाहेर काढतात. लेझर आणि दुर्बिणीच्या पद्धती मोठ्या केंद्रांतच मिळतात.

पण ऑक्झलेटचं खरं काम टाके काढल्यानंतर सुरू होतं. जवळपास निम्म्या कुत्र्यांत हा खडा दोन-तीन वर्षांत परत येतो. त्याला रोखायला सगळ्यात प्रभावी साधन पाणी आहे: ओलं खाद्य, खाण्यात मिसळलेलं पाणी, लघवीची घनता १.०२० च्या खाली. दिवसभर घर बंद आणि कुत्रं सकाळ-संध्याकाळ फक्त दोनदा खाली, ही आपल्या फ्लॅटमधल्या दिनचर्येची रीत दाट लघवीला पोषक आहे. निदान एक फेरी वाढवता येते. रक्तातलं कॅल्शियम तपासून घ्यावं, शक्य असेल तर आयनाइज्ड कॅल्शियम. ते वाढलेलं असेल तर आधी त्याचं कारण शोधावं लागतं. स्टेरॉइड गरज नसताना चालू नसावीत, आणि ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊ नयेत, कारण शरीरात त्यांचं काही अंशी ऑक्झलेट होतं. लघवीचा पीएच साडेसहाच्या खालीच राहत असेल तर डॉक्टर पोटॅशियम सायट्रेट देतात. आणि दर तीन ते सहा महिन्यांनी एक्स-रे, म्हणजे नवा खडा तांदळाच्या दाण्याएवढा असतानाच सापडेल आणि न कापता निघेल.

आपल्याकडे याच्याशी एक मोठा घोटाळा जोडलेला आहे. घरात कोणाला तरी मुतखडा झालेला असतो, आणि त्याचे उपाय कुत्र्याला दिले जातात: कुळथाचं पाणी, पाषाणभेदाचा काढा, लिंबू, पालक-टोमॅटो बंद. माणसाचा मुतखडा बहुधा मूत्रपिंडात होतो आणि तो लहान असला तर खाली उतरून निघून जातो, म्हणून काढ्याने ‘पडला’ असं वाटतं. कुत्र्याचा खडा मूत्राशयात वाढतो, आणि मादीचा स्ट्रुवाइट जंतूंमुळे असतो. पालक बंद केल्याने त्यावर काहीच परिणाम होत नाही. काढ्यात गेलेला महिना त्या जंतूंना मिळतो.

मिनेसोटा विद्यापीठात कार्ल ऑस्बॉर्न यांनी १९८१ मध्ये खडे तपासण्याचं केंद्र सुरू केलं. तिथे जगभरातून पशुवैद्य कुत्र्यांचे खडे पाठवतात. सुरुवातीला त्यांतले सुमारे पाऊण भाग स्ट्रुवाइटचे होते आणि ऑक्झलेट जेमतेम वीसात एक. पुढच्या पंचवीस वर्षांत दोघांचं प्रमाण जवळपास सारखं झालं. लघवी आम्ल करणारी खाद्यं, लहान जातींची वाढती आवड, ही कारणं सांगितली जातात. पण हे आकडे वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. जो खडा विरघळला तो त्या केंद्रात कधीच पोचत नाही. विरघळवणाऱ्या डॉक्टरांची संख्या वाढली की स्ट्रुवाइटचं प्रमाण आकड्यांत आपोआप घटलेलं दिसतं. म्हणून ‘आता सगळे खडे ऑक्झलेटचेच’ असा निष्कर्ष त्यातून काढून मादीलाही सरळ टेबलावर घेणं चूक आहे.

स्ट्रुवाइट गेल्यावर आपल्या नमुन्यातल्या मादीला ते खास खाद्य जन्मभर चालू ठेवण्याचा सल्लाही मला पटत नाही. तिचा आजार जंतूंचा होता. पुढे लक्ष ठेवायचं ते जंतूंवर: लठ्ठपणामुळे योनीभोवती पडलेल्या घड्या, मधुमेह, कुशिंग, स्टेरॉइडचे कोर्स, आणि लघवीत नवा संसर्ग होतोय का याची ठराविक तपासणी. वर्षानुवर्षं लघवी आम्ल ठेवून तिला उलट ऑक्झलेटच्या वाटेवर नेण्यात काही शहाणपण नाही.

आणि एक विनंती. ऑपरेशन झालंच, तर निघालेले खडे बरणीत शोभेला ठेवू नका आणि फेकूही नका. एक खडा कल्चरसाठी द्या, बाकीचे कोरड्या डबीत ठेवून तपासायला पाठवा, फॉर्मलिनमध्ये बुडवू नका, कारण त्यात स्ट्रुवाइटचं रूप बदलू शकतं. नुसत्या रासायनिक चाचणीवर थांबू नका. मोठ्या शहरांत माणसांच्या खड्यांसाठी इन्फ्रारेड तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, तिथे गाभा आणि आवरण वेगवेगळं तपासायला सांगा. तुमच्या कुत्र्याला पुढची पाच वर्षं काय खायला घालायचं, ते त्या रिपोर्टवरून ठरेल.